व्याज, वय आणि पंधरा-एच

निवृत्त माणसं सकाळी फिरताना राजकारणावर बोलतात, असा तरुणांचा समज आहे. गोगाबाबा टेकडीच्या पायथ्याशी किंवा सिद्धार्थ उद्यानातल्या बाकांवर थोडा वेळ कान देऊन बसलं तर कळतं, की राजकारण दहा मिनिटांत संपतं आणि मग खरा विषय निघतो: कोणत्या बँकेत किती टक्के. शुगरचा आकडा सांगताना हीच मंडळी जरा हात राखून बोलतात, पण एफडीचा दर दशांश चिन्हासकट सांगतात. ज्येष्ठांना बहुतेक बँका अर्धा टक्का जास्त व्याज देतात आणि म्हातारपणाचा बिनतक्रार म्हणावा असा फायदा तेवढाच, यावर टेकडीवरच्या सगळ्या पक्षांचं एकमत आहे.

या सुखात मिठाचा खडा टाकतो तो टीडीएस. आमच्या छत्रपती संभाजीनगरात त्याचा उच्चार एखाद्या नातलगाचं नाव घ्यावं तसा होतो. ‘यंदा टीडीएस आला होता का?’ ‘आला ना, अकराशे घेऊन गेला.’ तो का येतो, कोणाकडे यायला नको आणि त्याला दारातूनच परत कसं पाठवायचं, हे मात्र गप्पांत क्वचित येतं. तक्रार करण्यात जो आनंद आहे तो उपाय करण्यात नाही, हे त्यामागचं कारण असावं.

आमच्या सिडकोतल्या शेजारच्या काकू मात्र उपाय करणाऱ्यांपैकी. वय एकाहत्तर. काका जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते, ते गेल्यावर त्यांना महिना अठरा हजार कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं. सोळा लाखांच्या ठेवी आहेत, व्याज दर तीन महिन्यांनी बचत खात्यात जमा होतं. यंदा जानेवारीत त्या दोन पासबुकं घेऊन आल्या आणि चष्मा कपाळावर सरकवून म्हणाल्या, “हे बघ रे, बँकवाले पैसे कापायलेत. टीव्हीवर तर म्हणाले, म्हाताऱ्यांना एक लाखापर्यंत काही कापणार नाहीत.”

टीव्हीवर म्हणाले ते खरं होतं. १ एप्रिल २०२५ पासून साठ वर्षांवरच्या ठेवीदाराचं व्याज वर्षाला एक लाखाच्या पुढे गेलं तरच बँक टीडीएस कापते. आधी ही मर्यादा पन्नास हजार होती. साठीच्या आतल्यांसाठी ती चाळीस हजारांवरून पन्नास हजार झाली. पॅन दिलेला असेल तर कपात दहा टक्के, नसेल तर वीस. बचत खात्याच्या व्याजावर टीडीएस नसतो, हा त्यातला दिलासा. आवर्ती ठेव, म्हणजे आरडी, मात्र २०१५ पासून या जाळ्यात आहे.

मग काकूंचे पैसे का कापले गेले? पासबुकात जून, सप्टेंबर आणि डिसेंबरअखेर एकेक जोडी छापलेली होती: वर व्याजाचे १४,००० जमा, खाली टीडीएसचे १,४०० नावे. दोन्ही पासबुकांत तसंच. काकूंचा हिशेब असा, की एका खात्यात आठ लाख, सात टक्क्यांनी ५६,००० व्याज. दुसऱ्या खात्यातही आठ लाख आणि ५६,०००. दोन्ही एक लाखाच्या आत. गणितात चूक नव्हती. चूक होती ती इतिहासात.

मराठवाड्यातल्या जुन्या घरांमध्ये हा इतिहास पासबुकांच्या रूपानं कपाटात असतो. निजामाच्या राज्यात १९४१ साली हैदराबाद स्टेट बँक निघाली. १९५६ मध्ये तिची स्टेट बँक ऑफ हैदराबाद झाली आणि मराठवाड्यात शिक्षक, तलाठी, एसटीतले कर्मचारी, व्यापारी सगळ्यांची ती ‘एसबीएच’ झाली. ज्यांना दोन ठिकाणी पैसे ठेवायची सवय होती ते एक खातं एसबीएचमध्ये आणि एक स्टेट बँकेत ठेवत. १ एप्रिल २०१७ रोजी एसबीएच स्टेट बँकेत विलीन झाली. पाटी बदलली, पासबुक बदललं, पण ठेवीदाराच्या मनातल्या दोन बँका दोनच राहिल्या. पुढे देना, विजया, आंध्रा, कॉर्पोरेशन यांचंही असंच झालं. काकूंची दोन खाती अशीच एकेकाळच्या दोन बँकांतली.

टीडीएसची मर्यादा शाखेला नसते, बँकेला असते. २०१५ पासून कोअर बँकिंगमधल्या सगळ्या शाखांतलं व्याज एकत्र मोजतात. त्यामुळे काकूंच्या ५६,००० आणि ५६,००० ची बेरीज बँकेच्या संगणकानं आधीच करून ठेवली होती: १,१२,०००. बँक वर्षाच्या सुरुवातीलाच अंदाज घेते आणि वर्षाचं व्याज मर्यादेपलीकडे जाणार असं दिसलं की पहिल्या तिमाहीपासूनच कापू लागते. डिसेंबरची वाट पाहत नाही.

त्यात आणखी एक गंमत आहे, म्हणजे जिच्या खिशातून जातात तिला ती गंमत वाटत नाही. मर्यादा ओलांडली की कपात फक्त वरच्या रकमेवर होत नाही, सबंध व्याजावर होते. समजा एका आजोबांनी १४,२५,००० रुपये सात टक्क्यांनी ठेवले. व्याज ९९,७५०, टीडीएस शून्य. दिवाळीत मुलानं पाच हजार दिले म्हणून पुढच्या वर्षी ठेव १४,३०,००० ची केली. व्याज १,००,१००. टीडीएस १०,०१०. म्हणजे साडेतीनशे रुपयांचं व्याज वाढलं आणि दहा हजार दहा रुपये हातातून गेले. मुलाच्या मायेची किंमत इतक्या काटेकोरपणे दुसरीकडे कुठे मोजली जात नसेल.

काकू म्हणाल्या, “म्हणजे माझा टॅक्स कापला म्हणायचं का?”

नाही, आणि सगळी गोम इथेच आहे. कापला गेला तो टीडीएस, कर नव्हे. कर ठरतो वर्षाच्या एकूण उत्पन्नावर आणि बँकेला ते माहीतच नसतं. तिला फक्त आपण दिलेलं व्याज दिसतं. ठेवीदार कोट्यधीश आहे की निवृत्तिवेतनावर भाजी आणणारी आजी आहे, हे कळायला तिच्याकडे मार्ग नाही. म्हणून कायदा तिला सांगतो, की आधी दहा टक्के कापून सरकारात भर, बाकीचं सरकार आणि ठेवीदार बघून घेतील. वाड्यात पाहुण्यांच्या चपला सुरक्षित राहाव्यात म्हणून पहारेकरी सगळ्यांच्याच काढून ठेवून घेतो, तसला हा प्रकार: उघड्या पायांनी आलेल्यालाही तो थांबवतो आणि तुझ्या चपला कुठेत म्हणून विचारतो.

काकूंचा कर काढायला एक चहा पुरला. कुटुंब निवृत्तिवेतन वर्षाचं २,१६,०००. नव्या करप्रणालीत त्यातून २५,००० वजा होतात, राहिले १,९१,०००. ठेवींचं व्याज १,१२,०००. बचत खात्याचं व्याज साधारण ३,०००. बेरीज ३,०६,०००. २०२५-२६ या वर्षी नव्या प्रणालीत चार लाखांपर्यंत करच नाही. म्हणजे काकूंचा कर शून्य. सवलत नको, रिबेट नको, सीए नको, मुळातच शून्य. आणि तीन तिमाहींत कापले गेले ८,४०० रुपये.

“मी तर दरवर्षी तो फॉर्म द्यायचे,” काकू हळहळल्या. “यंदा टीव्हीवर ऐकलं आणि म्हटलं, कशाला उन्हात जायचं.”

तो फॉर्म म्हणजे पंधरा-एच. माझं एकूण उत्पन्न करपात्र नाही, तेव्हा माझ्या व्याजातून टीडीएस कापू नका, असं बँकेला लेखी सांगायचा कागद. साठी उलटलेल्यांसाठी पंधरा-एच, त्याआतल्यांसाठी पंधरा-जी. ज्या आर्थिक वर्षात साठ पूर्ण होतात ते संपूर्ण वर्ष ज्येष्ठाचं धरतात, वाढदिवस मार्चमध्ये असला तरी.

या फॉर्मचा स्वभाव विसराळू आहे. तो एका आर्थिक वर्षापुरताच जगतो आणि ३१ मार्चला मरतो. बँकेनं गेल्या वर्षीचा फॉर्म ठेवला असेल म्हणून यंदा चालेल, असं होत नाही. एप्रिलमध्ये, पहिल्या तिमाहीचं व्याज पडायच्या आत, तो नव्यानं द्यावा लागतो. आणि ज्या ज्या बँकेत ठेवी आहेत त्या प्रत्येकीला वेगळा. बऱ्याच बँकांच्या ॲपवर आणि नेट बँकिंगमध्ये तो भरता येतो. काउंटरवर दिला तर एका प्रतीवर ‘मिळाला’ असा शिक्का आणि तारीख घ्यावी. आपला कागद टेबलाच्या कोणत्या खणात जाईल याची खात्री आपण देऊ शकत नाही, शिक्का देऊ शकतो.

फॉर्मही एकदा नीट वाचण्यासारखा आहे. नाव, पॅन, पत्ता हे सगळं सरळ. मग ज्या व्याजासाठी हे जाहीर करता ते किती, असं विचारतात: काकूंसाठी १,१२,०००. मग वर्षाचं अंदाजे एकूण उत्पन्न: ३,०६,०००. ही दोन वेगळी घरं आहेत. बरीच मंडळी दोन्हीकडे व्याजाचाच आकडा लिहून मोकळी होतात आणि निवृत्तिवेतन कागदावरून नाहीसं होतं. त्याच्या खाली विचारतात, की यंदा असे फॉर्म आणखी किती ठिकाणी दिले आणि त्यांतली एकूण रक्कम किती. हा प्रश्न वाचून टेकडीवरच्या एका निवृत्त अभियंत्याला राग आला होता. ‘मी दुसऱ्या बँकेत जातो हे या बँकेला का सांगू?’ त्याला कोणीतरी समजावलं, की बँकेला वाईट वाटत नाही. आणि प्राप्तिकर खात्याला पॅनवरून सगळं आधीच दिसतं. शेवटी ठेवीचा क्रमांक, रक्कम आणि सही.

काकूंनी जानेवारीतच फॉर्म दिला. जून, सप्टेंबर आणि डिसेंबरचे ८,४०० बँकेकडून परत येणार नव्हते, कारण कापलेली रक्कम सरकारात भरली जाते आणि पुढचा मार्ग फक्त विवरणपत्राचा. पण मार्चचे २,८०० वाचले. बँकेत मात्र एक अडचण निघाली. विलीनीकरणानंतरही काकूंचे ग्राहक क्रमांक दोनच होते, म्हणजे संगणकाच्या दृष्टीनं एकाच पॅनच्या दोन काकू होत्या. फॉर्म एकीच्या नावावर चढला असता तर दुसरीचे पैसे कापलेच गेले असते. व्याजाची बेरीज करताना संगणक पॅन बघतो आणि फॉर्म चढवताना ग्राहक क्रमांक बघतो, ही त्याची सोयीस्कर स्मरणशक्ती. काउंटरवरच्या मुलीनं दोन्ही क्रमांक जोडून दिले आणि काकू एक झाल्या.

असे बारीकसारीक खडे आणखी आहेत. बँकेत जन्मतारीख नोंदलेली नसली तर सत्तरीचा माणूस संगणकाला चाळिशीचा वाटतो आणि त्याला पन्नास हजारांची मर्यादा लागते. तरुण दिसण्याची हौस इथे महागात पडते. पॅन आधारशी जोडलेला नसेल तर तो निष्क्रिय होतो, मग पॅन नसल्यासारखं वीस टक्के कापतात आणि फॉर्मचाही उपयोग होत नाही. ऐंशी वर्षांवरच्यांना या जोडणीतून सूट आहे. वर्षाच्या मधे नवी ठेव केली किंवा जुनी नूतनीकरण होऊन नव्या क्रमांकाची झाली, तर ती फॉर्मखाली आली का हे विचारून घ्यावं. आणि संयुक्त ठेवीत पहिलं नाव कोणाचं, हे बघावं. ‘पुढे त्रास नको’ म्हणून वडिलांनी स्वतःच्या पैशाच्या ठेवीवर मुलाचं नाव पहिलं घातलं की टीडीएस मुलाच्या पॅनवर जातो. मग पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाला प्राप्तिकराच्या नोंदींत कधी न पाहिलेलं व्याज दिसतं आणि तो वडिलांना फोन करतो. वडील म्हणतात, ‘अरे, तुझ्याचसाठी ठेवलेत.’

ज्यांच्या ठेवी मुदतीअखेर एकदम मिळणाऱ्या आहेत, त्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं. व्याज हातात पडत नाही म्हणून टीडीएस नाही, असं नसतं. दरवर्षी जमा होत जाणाऱ्या व्याजावर तो कापला जातो आणि तो ठेवीतूनच वळता केला जातो. म्हणून पावतीवर पाच वर्षांनी मिळणारी रक्कम ठळक छापलेली असते आणि प्रत्यक्ष मिळताना त्याहून कमी मिळते. त्यावर वाद घालायला जाण्याआधी पाच एप्रिल आठवून बघावेत: त्यातल्या किती एप्रिलमध्ये आपण फॉर्म दिला?

टेकडीवर एका सद्गृहस्थांनी तोडगा सुचवला होता, की पतसंस्थेत ठेवा, तिथं टीडीएस कापतच नाहीत. हे अर्धं खरं. पतसंस्था आपल्या सभासदांना देत असलेल्या व्याजावर साधारणपणे टीडीएस नसतो, फार मोठ्या संस्थांचा अपवाद सोडून. पण व्याज करपात्र ते करपात्रच. शिवाय बँकेतल्या ठेवींना पाच लाखांपर्यंत विमा आहे, पतसंस्थेतल्या ठेवींना तो नाही. २०२३ साली आदर्श पतसंस्थेचे ठेवीदार याच शहरात रस्त्यावर उतरले होते. ते आठवलं, की दहा टक्के तात्पुरते वाचवण्यासाठी शंभर टक्के कुठे ठेवतो आहोत याचा विचार आपोआप होतो. तोडगा सुचवणारे गृहस्थ त्यावर काही बोलले नाहीत, झपाझप चालू लागले.

आता काकूंचं प्रकरण सोपं होतं, उत्पन्न चार लाखांच्या आत होतं. पण अनेक निवृत्तांना वाटतं, की आपलं पेन्शन बरं आहे, म्हणजे पंधरा-एच आपल्यासाठी नाही. समजा एक निवृत्त प्राध्यापक आहेत, पेन्शन वर्षाला सहा लाख आणि ठेवींचं व्याज तीन लाख. पेन्शनमधून ७५,००० ची प्रमाणित वजावट गेली की एकूण ८,२५,०००. ते चार लाखांच्या वर आहे, कर निघतो, पण नव्या प्रणालीत बारा लाखांपर्यंत तो सगळा रिबेटमध्ये विरतो. अंतिम कर शून्य. पंधरा-एचची अट एवढीच आहे, की अंतिम कर शून्य असावा, आणि रिबेट धरून तो शून्य होत असेल तरी बँकेनं फॉर्म घ्यायचा, हे २०१९ पासून फॉर्मच्या टिपेतच आहे. प्राध्यापकांचे तीस हजार त्या टिपेत दडलेले आहेत. मात्र जुनी प्रणाली निवडली तर रिबेट पाच लाखांपर्यंतच, आणि शेअर किंवा म्युच्युअल फंड विकून झालेल्या भांडवली नफ्यावरच्या विशेष दराच्या कराला नव्या प्रणालीतला हा रिबेट लागत नाही. तसा कर निघत असेल तर फॉर्म देऊ नये. खोटं जाहीर करणं हा तुरुंगवासापर्यंत नेणारा गुन्हा आहे. आणि चुलत नातवाच्या लग्नात ‘सध्या कुठे असता?’ या प्रश्नाचं तसलं उत्तर द्यायची वेळ कुणावर येऊ नये.

साठीच्या आतल्यांची गोष्ट अधिक खोडकर आहे. माझ्या मावसभावानं सत्तावन्नाव्या वर्षी वाळूजच्या एका कंपनीतून स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि मिळालेले साठ लाख एकाच बँकेत ठेवले. व्याज ४,२०,०००, दुसरं उत्पन्न नाही. कर किती? चार लाखांवरच्या वीस हजारांवर पाच टक्के, म्हणजे हजार रुपये, आणि तेही रिबेटमध्ये जातात. अंतिम कर शून्य. तरी त्याला पंधरा-जी देता येत नाही. कारण पंधरा-जीला दोन अटी आहेत: अंतिम कर शून्य असावा आणि वर्षाचं एकूण व्याज करमुक्त मर्यादेच्या, म्हणजे चार लाखांच्या, पुढे जाऊ नये. दुसऱ्या अटीत तो वीस हजारांनी अडकला. सत्तावन्न लाख असते तर व्याज ३,९९,००० झालं असतं आणि फॉर्म चालला असता. तीन वर्षांनी मोठा असता तरी चालला असता. पैसा थोडा कमी हवा होता किंवा वय थोडं जास्त, आणि या दोन गोष्टी मागून मिळत नाहीत. मिळतात तेव्हा न मागता मिळतात.

मग त्यानं दोन शकला काढल्या. पहिली, तीस लाख बायकोच्या नावानं ठेवायचे. पण नवऱ्यानं दिलेल्या पैशाचं व्याज नवऱ्याच्याच उत्पन्नात धरतात, ठेव कोणाच्याही नावानं असो. दुसरी, बँकेला पन्नास हजारांची मर्यादा आहे तर सात-सात लाख वेगवेगळ्या बँकांत ठेवायचे. हे बेकायदा नाही. टीडीएस कापला जाणार नाही, मात्र उत्पन्न विवरणपत्रात दाखवावं लागेल. हिशेब केला तर नऊ बँका लागत होत्या. नऊ पासबुकं, नऊ ॲप, नऊ पासवर्ड आणि नऊ ठिकाणी केवायसीसाठी बोलावणं. वहिनी म्हणाल्या, “मग नोकरी का सोडली?” शेवटी त्यानं सरळ विवरणपत्र भरून ४२,००० परत मागायचं ठरवलं. पैसे वर्षभर अडकणं ज्याला परवडत नाही त्याच्यासाठी आणखी एक मार्ग आहे: प्राप्तिकर खात्याकडून कमी किंवा शून्य टीडीएसचा दाखला आधीच घ्यायचा. त्यासाठी ऑनलाइन अर्ज करावा लागतो. पण त्यात खटपट आहे, आणि वर्ष सुरू होताच ती करावी लागते.

१ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या आयकर कायद्याच्या जागी नवा कायदा आहे, तेव्हा कलमांचे आणि फॉर्मचे जुने क्रमांक घोकून ठेवण्यात अर्थ नाही. काउंटरवर जाऊन ‘टीडीएस न कापण्यासाठीचं जाहीरपत्र द्या’ असं म्हटलं की पुरे. क्रमांक विसरले तरी चालेल, एप्रिल विसरू नये.

काकूंचे ८,४०० परत येतील ते असे. बँक शेवटच्या तिमाहीची टीडीएसची माहिती ३१ मेपर्यंत भरते, जूनच्या मध्यापर्यंत फॉर्म १६ए देते. मग प्राप्तिकराच्या संकेतस्थळावर काकूंच्या पॅनखाली २६एएसमध्ये तिन्ही कपाती दिसतायत का ते बघायचं. एखादी दिसत नसेल तर आधी बँकेकडे जायचं, कारण तिथं नसलेली रक्कम परत मिळत नाही. त्यानंतर सहज हा सर्वांत लहान फॉर्म ३१ जुलैच्या आत भरायचा. काकूंचं उत्पन्न इतकं कमी आहे, की एरवी त्यांना विवरणपत्र भरायची सक्ती नाही. पैसे परत हवेत म्हणूनच ते भरायचं. परतावा संकेतस्थळावर पडताळून घेतलेल्या बँक खात्यातच येतो, तेव्हा ते आधी करून ठेवायचं. कापले गेले सिडकोत, परत येणार बेंगळुरूच्या केंद्रातून.

“व्याज देतील का त्यावर?” काकूंनी विचारलं. ठेवीदाराचा पिंड.

देतात. वेळेत विवरणपत्र भरलं तर १ एप्रिलपासून परतावा मिळेपर्यंत महिना अर्धा टक्का. ८,४०० वर महिन्याला बेचाळीस रुपये. बँकेत सात टक्क्यांनी याहून थोडं जास्त पडलं असतं, आणि जूनमध्ये कापलेल्या पैशांना मार्चपर्यंत काहीच नाही. शिवाय हे बेचाळीस रुपये पुढच्या वर्षीच्या उत्पन्नात दाखवायचे असतात, कारण व्याज ते व्याज.

काकूंनी पासबुकं पिशवीत ठेवली आणि उठता उठता विचारलं, “मग त्या बेचाळीस रुपयांवर टीडीएस कापतील का?”

नाही. केंद्र सरकार आयकर कायद्याखाली स्वतः जे व्याज देतं त्यावर टीडीएस कापायचा नाही, अशी सूट टीडीएसच्याच कलमात लिहून ठेवली आहे.

“बघ,” काकू म्हणाल्या, “त्यांनी त्यांचा पंधरा-एच कायद्यातच भरून ठेवला. दर एप्रिलला जावं लागत नाही त्यांना.”